गिरणीतलं पाकीट

पात्रं : तात्या (गिरणीवाले, 60), गणू (हाताखालचा पोरगा), कुंदावहिनी, विलास

प्रसंग 1
(साताऱ्यातली पिठाची गिरणी. सकाळचे 11:40. जात्याच्या कापडी नळीतून कुंदावहिनींच्या डब्यात ज्वारीचं पीठ पडतंय. गणू नळी थोपटतोय. विलास बाकावर, मांडीवर स्टीलचा डबा, झाकण घट्ट. तात्या चहा पिऊन येतात.)

कुंदा : (पिठात बोट घालून झटकते) आई गं! चटकाच बसला.

तात्या : आत्ता उतरलंय वहिनी. झाकण लगेच लावू नका, वाफ कोंडली की घाम सुटतो, गोळे होतात. विलास, झालं का दळण?

विलास : आत्ताच. पाच किलो गहू. पैसे द्यायला थांबलोय.

तात्या : (गल्ला ओढतात, थबकतात) पट्ट्याचं पाकीट कुठंय? साडेसहा हजार होते.

(गणू नळीवरचा हात काढतो.)

प्रसंग 2
(शटर अर्धं खाली. जातं चालूच.)

तात्या : मी 11:20 ला गेलो. गणू, तू इथंच होतास?

गणू : (मान खाली) दहा मिनिटं नव्हतो. विलासदादा म्हणाले, माझे गहू मीच ओततो, तू तंबाखू आण जा.

विलास : हो, रोजचाच आहे मी. पण गेल्या आठवड्यात उचल कुणी मागितली? यानंच ना?

गणू : मागितली, तुम्ही नाही म्हणालात. विषय संपला.

तात्या : वहिनी, तुम्ही?

कुंदा : मी आले तेव्हा आत कुणी नव्हतं. विलास बाहेर पायरीवर फोनवर बोलत होता. आता विचारणारच आहात तर सांगते, भिशीचे दोन हप्ते थकलेत माझे. पण गल्ल्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

विलास : म्हणजे आत एकट्या याच होत्या.

तात्या : तुझं दळण किती वाजता उतरलं?

विलास : वहिनी यायच्या जरासं आधी. साडेअकरा धरा.

तात्या : (विलासच्या डब्याला तळहात लावतात. मग वहिनींच्या डब्याला लावून झटकन उचलतात.) पाच किलो पीठ, झाकण लावलेलं. तासभर ऊब धरतं. अन् तू पातळ पँटीवर पत्रा घेऊन बसलायस. मांडी पोळली नाही?

विलास : मला... एवढं जाणवत नाही.

तात्या : झाकण काढ.

(विलास हलत नाही. गणू झाकण काढतो. तात्या चिमूटभर पीठ चोळतात.)

तात्या : गार. कोंडासुद्धा नाही, चाळलेलं आहे. जात्याखालून चाळलेलं पीठ कधी पडलंय का रे? घरून भरूनच आणलंस.

(कोपरापर्यंत हात खुपसतात. पांढरं झालेलं पाकीट वर येतं.)

विलास : तात्या, महिनाअखेर परत ठेवणार होतो...

तात्या : (पाकीट झटकत) गणू, ज्वारी कधीच संपली. जातं रिकामं फिरतंय, दगडाला दगड घासतोय. बंद कर आधी.

(जातं थांबतं. अंधार.)