आजोबांची छत्री
कार्यपत्रिका: अपूर्ण आणि पूर्ण भूतकाळ (मराठी व्याकरण, इयत्ता सातवी)

मुलांनो, घरात एखादी वस्तू हरवली की पहिला प्रश्न येतो, "शेवटची कुठे ठेवली होतीस?" आणि लगेच दुसरा, "तेव्हा तू काय करत होतीस?" पहिल्या प्रश्नात पूर्ण भूतकाळ आहे, दुसऱ्यात अपूर्ण. म्हणूनच हे दोन काळ शिकायला हरवलेल्या छत्रीची गोष्ट घेतली आहे.

अपूर्ण भूतकाळात क्रिया त्या वेळी चालू असते: सई धावत होती. यालाच काही जण चालू भूतकाळ म्हणतात. पूर्ण भूतकाळात क्रिया त्या वेळेच्या आधीच होऊन गेलेली असते: पाऊस थांबला होता. नकार असला तर 'होती'च्या जागी 'नव्हती' येते, काळ बदलत नाही.

गोष्ट आधी एकदा मोठ्याने वाचा. तेव्हा पेन्सिल हातात घेऊ नका, गोष्टीची मजा जाते. दुसऱ्या वाचनात अपूर्ण भूतकाळाच्या क्रियापदाखाली एक रेघ मारा आणि पूर्ण भूतकाळाच्या क्रियापदाखाली दोन. अवतरणचिन्हांतले बोलणे सोडून द्या, कारण बोलताना माणसे सगळेच काळ वापरतात. गोष्टीत एक वाक्य मुद्दाम वेगळ्या काळात लिहिले आहे. ते सापडले की त्याच्याभोवती चौकट काढा.

गोष्ट

कोल्हापुरात महाद्वार रोडवर सई एका कापड दुकानाच्या छपराखाली थांबली होती. मघाशी उघडलेला पाऊस पुन्हा कोसळत होता. माणसे भराभर छत्र्या उघडत होती, गजरेवाल्या बायका टोपल्यांवर प्लास्टिक ओढत होत्या आणि एक रिक्षा साचलेले पाणी उडवत बिनखांबी गणेशाकडे वळत होती. सवयीने सईनेही उजवा हात वर केला होता. हातात छत्री नव्हती.

तिच्या पोटात गोळा आला होता. ती छत्री आजोबांनी तिला दिली नव्हती; तिने ती न विचारता उचलली होती. सकाळी आजोबा पूजा करत होते, आई ज्वारीचा डबा भरत होती आणि अंगणात पावसाच्या धारा लागल्या होत्या. सईची स्वतःची छत्री मागच्या वादळातच उलटली होती. खुंटीवर आजोबांची लांब दांड्याची काळी छत्री लटकत होती. तिच्या एका काडीचे टोक कापडातून निसटले होते, तिथे आजोबांनी काळ्या दोऱ्याने बारीक टाके घातले होते. आतल्या बाजूला त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने आडनाव लिहिले होते. रंग वाळण्याआधीच त्यांनी छत्री मिटली होती, त्यामुळे शेवटचे अक्षर शेजारच्या घडीवर उलटे उमटले होते.

सई छपराखाली एकेक गोष्ट आठवत होती. आधी ती गिरणीत गेली होती. तिथे पट्टा खडखडत होता, पीठ उडत होते आणि गिरणीवाले काका डोक्याला टॉवेल गुंडाळून बाजरी दळत होते. रांगेतली माणसे पंचगंगेबद्दल बोलत होती. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होते. सईने आपला डबा रांगेत ठेवला होता. मग ती कपिलतीर्थ मंडईत आली होती. आईने मेथी आणि ओली मिरची सांगितली होती. मेथीवाल्या मामी जुडीची माती झटकत होत्या आणि सई पिशवीच्या तळाशी सुटे पैसे चाचपत होती. त्या वेळी तिने छत्री काखेत धरली होती, की भाजीच्या ढिगाला टेकवली होती? मधेच केव्हातरी पाऊस उघडला होता. नेमका केव्हा, तेच तिला आठवत नव्हते.

थोड्या वेळाने ती भिजत भिजत मंडईत परतली होती. मामी ताडपत्रीखाली चहा पीत होत्या.

"मामी, इथं काळी छत्री राहिलीय का?"

"न्हाई गं पोरी. तू आलतीस तवा तुझ्या हातात पिशवी तेवढी हुती."

म्हणजे छत्री मंडईच्या आधीच कुठेतरी राहिली होती. सई आता गिरणीकडे धावत होती. मेथीची पाने पिशवीतून बाहेर लोंबत होती, चपलांनी उडवलेला चिखल पाठीवर बसत होता.

गिरणीचा पट्टा थांबला होता. वीज गेली होती. काका पायरीवर बसून पिठाने माखलेला चष्मा पुसत होते.

"हुती की. त्या कोपऱ्यात पाणी गळत हुतं तिचं. तुमच्या शेजारच्या काकूंनी मघाशीच न्हेली. आत नाव वाचलं न्हवं त्यांनी!"

सईचा जीव भांड्यात पडला होता. डबा घेऊन ती घराकडे जवळजवळ उड्या मारत होती. पण घरच्या खुंटीवर काहीच लटकत नव्हते. आई दारात वाट बघत होती.

"अगं, छत्री काकूंनी आणून दिली. तू भिजत असशील म्हणून आजोबा तीच छत्री घेऊन तुला शोधायला गेलेत."

सई मंडईत मामींना विचारत होती, तेव्हा काकू आजोबांच्या हातात छत्री देत होत्या. सई गिरणीकडे धावत होती, तेव्हा आजोबा महाद्वार रोडवर एकेका छपराखाली डोकावत होते. एकाच पावसात दोघांची चुकामूक झाली होती.

डबा आईकडे देऊन सई पुन्हा बाहेर पडली होती. बिनखांबी गणेशाजवळ आजोबा येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे निरखून बघत होते. त्यांच्या टोपीतून पाणी निथळत होते. छत्री त्यांनी काखेत घट्ट धरली होती. सईला शोधण्याच्या नादात ते ती उघडायलाच विसरले होते.

"आजोबा, मी न विचारता नेली…"

"ते राहू दे. आधी छत्रीत ये."

शिवाजी पेठेच्या वळणावर दोघेही पुरते भिजले होते, आणि समोरून वारा आला की छत्री कशी कलती धरायची, ते आजोबा तिला दाखवत होते.

प्रश्न

१. पुढील वाक्ये गोष्टीत ज्या क्रमाने येतात, त्या क्रमाने घडलेली नाहीत. ती घडण्याच्या क्रमाने लिहा.
(अ) सई छपराखाली थांबली होती. (आ) सईने डबा रांगेत ठेवला होता. (इ) सईची छत्री वादळात उलटली होती. (ई) काकू आजोबांच्या हातात छत्री देत होत्या. (उ) मामी जुडीची माती झटकत होत्या.

२. चौकट केलेले वाक्य कोणते? त्याचा काळ कोणता? तो कशावरून ओळखलात?

३. कंसातल्या काळात वाक्य पुन्हा लिहा. कर्त्याचे रूप बदलते का, याकडे लक्ष द्या.
काकू छत्री ओळखतात. (पूर्ण भूतकाळ)
आजोबा छत्री विसरतात. (पूर्ण भूतकाळ)
आजोबा टाके घालतात. (पूर्ण भूतकाळ)
मामी चहा पितात. (अपूर्ण भूतकाळ)
मी आडनाव लिहितो. (अपूर्ण भूतकाळ)
सईला काही आठवत नाही. (अपूर्ण भूतकाळ)

४. पहिल्या वाक्यात 'थांबली होती'ऐवजी 'थांबत होती' लिहिले, तर डोळ्यांसमोरचे चित्र कसे बदलेल?

५. मेथीवाल्या मामींचे 'आलतीस' प्रमाण मराठीत लिहा आणि काळ सांगा. तुमच्या घरी अशी आणखी कोणती रूपे बोलली जातात?

६. गिरणीतून छत्री नेणाऱ्या काकूंच्या बाजूने ही गोष्ट आठ ते दहा वाक्यांत लिहा. त्या गिरणीत कशासाठी आल्या होत्या, छत्री दिसली तेव्हा काय करत होत्या, नाव वाचून त्यांना काय वाटले होते, हे त्यात येऊ द्या. दोन्ही काळ वापरा.

शिक्षकांसाठी उत्तरे

१. इ, आ, उ, अ, ई. हा प्रश्न घाईत उरकू नये. गोष्ट मधूनच सुरू झाली आहे, आणि मागे जाताना पूर्ण भूतकाळ लागतो, हे मुलांना इथेच दिसते. फळ्यावर आडवी रेघ ओढून तिच्यावर घटना मांडल्या, तर आणखी बरे.

२. 'हातात छत्री नव्हती.' साधा भूतकाळ. इथे 'नव्हती' हेच मुख्य क्रियापद आहे. त्याच्या आधी 'धरत' किंवा 'धरली' असे दुसरे रूप नाही. 'होता, होती' दिसले की मुले डोळे मिटून पूर्ण भूतकाळ लिहितात, म्हणून हे वाक्य ठेवले आहे.

३. काकूंनी छत्री ओळखली होती. आजोबा छत्री विसरले होते. आजोबांनी टाके घातले होते. मामी चहा पीत होत्या. मी आडनाव लिहीत होतो (मुलगी असल्यास होते). सईला काही आठवत नव्हते.

सकर्मक क्रियापद पूर्ण भूतकाळात आले की बहुधा कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: टाके घातले, छत्री ओळखली. पण विसरणे, शिकणे, नेसणे ही क्रियापदे कर्त्याप्रमाणेच चालतात: आजोबा छत्री विसरले होते, आजी नऊवारी नेसली होती. 'आजोबांनी छत्री विसरली होती' असे लिहिणाऱ्या मुलाला नियम कळलेला असतो. त्याला फक्त ही वेगळी वाट दाखवायची आहे. तसेच 'लिहितो' ऱ्हस्व, पण 'लिहीत' दीर्घ. 'पितात' आणि 'पीत' यांचेही तसेच.

४. 'थांबली होती' म्हणजे थांबण्याची क्रिया आधीच झाली आहे आणि सई आता छपराखालीच आहे. 'थांबत होती' म्हटले, तर ती चालता चालता पुन्हा पुन्हा थांबते आहे असे वाटते. 'बसली होती' आणि 'बसत होती' ही जोडी वर्गात प्रत्यक्ष करून दाखवता येते: एकाला बाकावर बसवून ठेवा, दुसऱ्याला हळूहळू बसायला सांगा, आणि बाकीच्यांना वाक्ये म्हणू द्या.

५. 'आली होतीस', पूर्ण भूतकाळ. 'गेलतो', 'केलतं', 'बघितलतं' अशी रूपे मुले स्वतःहून सांगतील. ती चूक म्हणून खोडू नयेत. शेजारी प्रमाण रूप लिहून घ्यावे. पूर्ण भूतकाळ ही मुले रोजच बोलतात, हे त्यांच्या लक्षात आले की निम्मे काम होते.

६. उत्तर मुक्त आहे. तपासताना आधी काळ पाहावेत, शुद्धलेखन नंतर. नमुन्याची सुरुवात: 'मी नाचणी दळायला आले होते. काका पट्टा बसवत होते. कोपऱ्यातल्या छत्रीतून पाणी गळत होते आणि ती कुणीच उचलली नव्हती.'