पूर ग्रुपमधले बंद नंबर १६ मे ला कमी करणार, त्याआधी वाचा

रामराम मंडळी,

मेसेज लांब हाय पण शेवटपर्यंत वाचा. आपला ग्रुप १०२४ वर येऊन फुल्ल झालाय, व्हॉट्सॲप त्याच्या पुढं एकबी माणूस घेत नाही, आणि माझ्या वहीत ७१ जण नंबर लागायची वाट बघत बसलेत. त्यात चिखली-आंबेवाडीचे ट्रॅक्टरवाले हायत, बापट कॅम्पातली पोरं हायत, दोन नाववाले हायत. गेल्या जुलैत पाणी सुतारवाड्यापर्यंत आलेलं तेव्हा एका नाववाल्याला ॲड करायचं होतं आणि जागाच नव्हती, शेवटी मी माझाच दुसरा नंबर काढला आणि त्याला घेतलं. तोवर पाऊण तास गेला. कुणाची तरी म्हातारी माळ्यावर बसलेली असताना पाऊण तास म्हणजे काय ते २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना सांगायला नको.

म्हणून पावसाच्या आधी बंद पडलेले नंबर कमी करायचं आम्ही तिघा ॲडमिननी ठरवलंय.

बंद म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ग्रुपवर बोलत नाही म्हणजे बंद, असं अजिबात नाही. आपल्यात निम्मे लोक नुसतं वाचतात आणि ते चांगलंच हाय, सगळे बोलायला लागले तर राजाराम बंधाऱ्याची पातळी शोधायला वर पन्नास गुड मॉर्निंग सरकवावे लागतील. म्यूट केलं असेल तरी चालतंय. आम्ही २६ जानेवारी, १० मार्च आणि १५ एप्रिल असे तीन मेसेज टाकलेले, त्यांची इन्फो उघडून कुणी वाचलं ते बघितलं (ब्लू टिक बंद ठेवली तरी ग्रुपमध्ये वाचलेलं दिसतंय, म्हणून हे धरलं). तिन्हीपैकी एकबी न उघडलेले १८७ नंबर निघालेत, फक्त तेवढ्यांचाच विषय हाय, बाकीच्यांनी काळजी करू नका.

ही यादी ग्रुपवर टाकणार नाही. कुणाचं नाव चारचौघात घ्यायचं नाही, हे पहिल्यांदाच ठरलंय.

आज २० एप्रिल. ३० एप्रिलपर्यंत त्या प्रत्येकाला पर्सनल मेसेज जाईल, १० मे ला परत एकदा. ज्यांना मेसेज पोहोचतच नाही, एकच टिक दिसतीय, त्यांना आम्ही फोन लावणार, तो लागला नाही तर गल्लीतल्या ओळखीच्याकडं विचारणार. उत्तरात नुसतं ‘हाय’ लिहिलं तरी नंबर राहिला. १६ मे च्या रात्री ९ नंतर उरलेले नंबर काढू. सैन्यात असलेले, परदेशात गेलेले, दवाखान्यात ॲडमिट असलेले यांना हात लावणार नाही, फक्त घरच्या कुणीतरी आम्हाला सांगा. मागं एकदा न सांगता नंबर काढलेले तेव्हा बॉर्डरवर असलेला शिरोळकडचा एक भाऊ त्यात गेला, सुट्टीवर आल्यावर त्यानं विचारलं, “माझं काय चुकलं?” त्याला काय उत्तर देणार. ती चूक माझी होती आणि परत होऊ द्यायची नाही, म्हणून एवढे दिवस देतोय.

आता परत यायचं कसं ते. ॲडमिननं काढलेल्या माणसाला जुन्या लिंकवरून परत येता येत नाही, लिंक दाबत बसू नका, चिडू पण नका. आम्हा तिघांपैकी कुणालाबी पर्सनलवर ‘परत घ्या’ एवढंच पाठवा, गाव किंवा पेठ लिहा, त्याच दिवशी ॲड करतो. का गेलता, कुठं होता, काय विचारणार नाही. परत येणाऱ्यांसाठी ४० जागा मोकळ्या ठेवणार, त्या वहीतल्यांना देणार नाही. काढलेले नंबर आम्ही वहीत लिहून ठेवतोय, कारण व्हॉट्सॲपवर जुने मेंबर ६० दिवसच दिसतात आणि आपल्याला गरज पडते ती जुलै-ऑगस्टात.

आणि एक, पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावर गेली की पाणी उतरेपर्यंत कुणालाच काढायचं नाही, कायबी झालं तरी. तेव्हा फक्त माणसं घ्यायची.

ज्यांचे दोन-दोन नंबर ग्रुपात हायत त्यांनी एक आपणहून कमी केला तर लई उपकार होतील, तेवढ्यानंच दहा-बारा जागा निघतील असं वाटतंय.

हे वाचलेल्यांनी खाली नुसता अंगठा द्या, ‘ओके ओके’ लिहू नका. ज्यांच्या घरात आई, वडील, काका कुणाचा नंबर ग्रुपात हाय पण ते फोन बघत नाहीत, त्यांनी आज जेवणं झाल्यावर त्यांच्या फोनवर हा मेसेज उघडून वाचून दाखवा, त्यांचं पण धरलं जाईल.

तुमचे तिघे ॲडमिन