नोकरीसाठी पुण्याला जाण्याबाबत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात मला नोकरी मिळाली असून मी होकार कळवला आहे. १ डिसेंबरला रुजू व्हायचे आहे. उत्तरासाठी दोनच दिवसांची मुदत होती, आणि फोनवर बाबांनी लगेच "का?" विचारले असते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत माझे काम ओतीव भागांचे माप घेण्यापुरतेच उरले आहे. तिथे मात्र यंत्रणा उभारण्यापासूनचे काम शिकायला मिळेल, शिवाय पगारही वाढेल.

बेळगावची खोली नोव्हेंबरअखेर सोडून सामान खानापूरला आणीन. भाताची कापणी आणि मळणी उरकूनच निघेन, त्यामुळे बाबांनी मजुरांची वेगळी तजवीज करू नये. आईच्या गुडघ्याच्या तपासणीलाही त्याआधीच जाऊन येऊ. पुणे हमरस्त्यावरच असल्याने रात्रीच्या बसने निघाले तरी सकाळी बेळगावात पोहोचता येते. लग्नाचा विषय मात्र या नोकरीशी कृपया जोडू नये. त्यावर आपण समक्ष बोलू.

शनिवारी संध्याकाळी येत आहे. काकांना तुम्हीच सांगावे.

तुमची मोठी