सरव्यावर जगलेलं घर

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय 1 आणि 2

प्रिय बंधूभगिनींनो, ख्रिस्ताच्या नावानं तुम्हा सर्वांना सलाम.

आज मागच्या बाकांवर काही नवीन चेहरे दिसताहेत. कुणी शिरोलीच्या फौंड्रीतले आहेत, कुणी ऊसतोडीला मराठवाड्यातून आलेत. या मंडळीतल्या किती मुली नर्सिंग करून आखातात गेल्या, काही पुण्या-मुंबईत लोकांच्या आईवडिलांना सांभाळताहेत. आणि कितीजणी तर कुठंच गेलेल्या नाहीत. घरच्याच खोलीत, एका अंथरुणाशेजारी, वर्षानुवर्षं जागताहेत. या सगळ्यांना डोळ्यांपुढं ठेवून मी हा पाठ निवडला.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला, म्हणून अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलं घेऊन मवाबात गेला. आपल्या माण-आटपाडीची माणसं गलाई कामाला देशभर पांगली, तसंच पोटासाठी. तिथं नवरा गेला. मुलांनी मवाबी बायका केल्या, अर्पा आणि रूथ. सुमारे दहा वर्षांत दोन्ही मुलंही गेली. घरात राहिल्या तीन विधवा.

गावाकडं पुन्हा पिकू लागलंय हे कानावर आलं आणि नामी निघाली. वाटेत तिनं सुनांना सांगितलं, माहेरी परत जा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि परत गेली. शास्त्रात तिच्याविरुद्ध एक शब्द नाही. आपण प्रचारकांनी मात्र तिला फार बोल लावलाय. बहिणींनो, ज्यांना सेवा सोडून परत जावं लागलं, नोकरीसाठी, लेकरांसाठी, स्वतःच्या तब्येतीसाठी, त्यांनी अर्पाचं नाव ऐकून मान खाली घालायचं कारण नाही. नामीनं तिला आशीर्वाद देऊनच पाठवलं होतं.

रूथ थांबली. "तुम्ही जाल तेथे मी येईन, तुम्ही राहाल तेथे मी राहीन, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव." हे वचन आपण लग्नात वाचतो, पण ते एका सुनेनं सासूला म्हटलंय, भर रस्त्यात. आणि एक गोष्ट इथं स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडं या वचनाचा उपयोग सुनांना दामटायला होतो. "बघ, रूथ कशी होती!" रूथला कुणी हुकूम सोडला नव्हता. सासू तर "जा" म्हणत होती. ती आपल्या मनानं आली. तेव्हा घरातल्या पुरुषांनी आणि आत्याबाईंनी रूथचं नाव घेऊन सुनेकडून सेवा वसूल करू नये. नामीसारखं "जा पोरी, तू मोकळी आहेस" असं आपल्यापैकी किती जण म्हणतील?

आता बेथलेहेमची वेस. सगळं गाव गोळा झालं, "ही नामीच का?" आणि नामी म्हणाली, मला "मारा", म्हणजे कडू, या नावानं हाक मारा; मी भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. रिकामी! शेजारी रूथ उभी आहे. मायदेश सोडून, मृत समुद्रापलीकडच्या मुलखातून वाट तुडवत आलेली ती पोर तिथं आहे, आणि सासू म्हणते, माझ्याकडं काही नाही. ज्यांनी आजारी माणसाचं केलंय त्यांना हे नवीन नाही. रात्रभर कुशी बदलून द्यावी आणि सकाळी पाहुण्यांपुढं ऐकावं, "मला कोण आहे?" ते दुःखातून आलेलं बोलणं असतं. पवित्र शास्त्रानं नामीला गप्प केलेलं नाही. पण रूथला ते टोचलं नसेल असंही मी म्हणणार नाही.

दुसऱ्या अध्यायात पोटाचा प्रश्न येतो. सातूची कापणी सुरू होती. रूथ म्हणाली, सरवा वेचायला जाते. आपल्या म्हाताऱ्यांना हे काम माहीत आहे. शेंगा काढून झाल्यावर रानात राहिलेल्या शेंगा वेचायला बायका जायच्या. इस्राएलात तो परदेशी माणसाचा हक्क होता. लेवीय 19 मध्ये देव सांगतो, शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं गोळा करू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. म्हणजे रूथची निष्ठा कितीही मोठी असली तरी दोघींची भाकरी त्या नियमावर आणि तो पाळणाऱ्या शेतकऱ्यावर अवलंबून होती. नुसत्या प्रेमावर घर चालत नाही.

शेताचा मालक बवाज, त्यानं मुकादमाला विचारलं, ही कोणाची? उत्तर आलं, "ती मवाबी मुलगी." नाव घेतलंच नाही. आपण "तो भय्या", "ते बीडवाले" म्हणतो, तसंच. मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असं अनुवाद 23 मध्ये लिहिलंय, तेव्हा ते "मवाबी" कुठल्या सुरात म्हटलं असेल याचा अंदाज करा. बवाजानं तिला "माझ्या मुली" म्हटलं. गड्यांना ताकीद दिली, हिला हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यातलं पाणी पी, म्हणाला. बंधूंनो, ज्यांच्याकडं कामगार आहेत त्यांनी हे तीन मुद्दे घरी जाऊन पुन्हा वाचा : कामावरच्या बाईची सुरक्षितता, प्यायचं पाणी आणि हाक मारायची रीत.

मग जेवणाची सुटी झाली. बवाजानं तिला भाजलेले दाणे दिले. वचन 14 म्हणतं, ती खाऊन तृप्त झाली आणि काही शिल्लक राहिले. ते शिल्लक राहिलेलं तिनं संध्याकाळी सासूला दिलं. क्रम लक्षात घ्या. आधी स्वतः पोटभर जेवली. सगळ्यांचं उरकून दुपारी तीनला गार भाकरी खाणाऱ्या माझ्या बहिणींनो, हे वचन तुमच्यासाठी आहे. त्यात स्वार्थ नाही. उपाशी रूथच्या हातून नामी किती दिवस जगली असती?

त्या संध्याकाळी रूथनं झोडून एफाभर सातू घरी आणले. ते बघून नामीनं विचारलं, "आज कुठं वेचलंस?" वेशीत स्वतःला रिकामी म्हणणारी बाई आता सुनेच्या दिवसाची चौकशी करते. आणि म्हणते, त्याच्याच रानात जात जा, दुसऱ्या शेतात तुला कुणी त्रास द्यायला नको. सांभाळणारी आणि सांभाळली जाणारी, दोघींनी इथून एकमेकींना धरलंय. पुढं बवाजाशी लग्न झालं, ओबेद जन्मला, तो दावीद राजाचा आजा. बाळ नामीच्या मांडीवर आलं तेव्हा शेजारणी तिला म्हणाल्या, ही तुझी सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. वेशीत जे नामीला दिसलं नव्हतं, ते शेजारणींनी तिला तोंडावर सांगितलं.

तेव्हा आजच्या पाठावरून कमिटीनं एक ठरवलंय. या मंडळीत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत आणि त्यांच्या घरी एकच बाई सगळं बघते. दर बुधवारी दुपारी आपल्यापैकी दोघं त्या घरी बसतील. तेवढ्या वेळात ती बाई झोपो, बाजारात जावो, नाहीतर रंकाळ्यावर फिरून येवो. काय करतेस म्हणून विचारायचं नाही. बसायला जाणाऱ्यांनी उपासनेनंतर सेक्रेटरींकडं नाव द्यावं. पुरुषांनीही द्यावं. आणि मागच्या बाकावरच्या पाहुण्यांनो, आज प्रीतिभोजन आहे, जेवल्याशिवाय जाऊ नका. नावं सांगा, आम्ही नावानंच हाक मारू.

आपण प्रार्थना करू.

हे प्रभू, परमुलखात राबणाऱ्या आमच्या लेकरांना चांगलं शेत आणि चांगला मालक दे. जे रात्री जागतात त्यांना झोप दे. जे अंथरुणावर आहेत त्यांच्या तोंडून आज एकदा तरी निघू दे, "पोरी, तू जेवलीस का?" येशूच्या नावानं मागतो. आमेन.