३० आणि ३१ जानेवारी, खुला रंगमंच : गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत तुमचे नाव नोंदवा

मित्रमैत्रिणींनो,

शुक्रवार, ३० जानेवारी आणि शनिवार, ३१ जानेवारी २०२६ या दोन्ही दिवशी दुपारी चार वाजल्यापासून ग्रंथालयामागच्या खुल्या रंगमंचावर आपल्या महाविद्यालयाचा वार्षिक सांस्कृतिक महोत्सव रंगणार आहे. त्यात गायचे, नाचायचे, अभिनय करायचा, कविता वाचायची किंवा पडद्यामागे राबायचे असेल, तर येत्या गुरुवारी, म्हणजे २२ जानेवारीला सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मुख्य इमारतीच्या तळमजल्यावरील सांस्कृतिक मंडळाच्या कक्षात येऊन आपले नाव नोंदवा.

मागच्या आठवड्यात फलकावर लागलेली सूचना अशी होती : “सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, वार्षिक सांस्कृतिक महोत्सव आयोजित करण्यात येत आहे. तरी इच्छुकांनी लवकरात लवकर नोंदणी करावी.” ती आमच्याच मंडळाने लिहिली होती आणि तिच्यात दिवस नव्हता, जागा नव्हती, मुदतही नव्हती. आज सोमवारी सकाळी नोंदवही उघडली, तेव्हा तिच्यात फक्त अकरा नावे होती. मधल्या सुट्टीत जिन्यावर बसून ताना घेणारी, रिकाम्या वर्गात बाके सरकवून नाचाचा सराव करणारी आणि वहीच्या शेवटच्या पानावर कविता लिहिणारी मुले-मुली आम्ही रोज पाहतो. त्यांच्यापर्यंत निमंत्रण नीट पोहोचलेच नाही असे आम्हांला वाटते, म्हणून ते नव्याने देत आहोत.

पहिला दिवस सुरांचा आणि शब्दांचा आहे. दुपारी चारला काव्यवाचनाने आरंभ होईल, त्यानंतर एकल गायन आणि वादन होईल आणि अंधार पडू लागला की समूहनृत्ये सुरू होतील, कारण खुल्या रंगमंचावर प्रकाशयोजनेचा परिणाम दिवस मावळल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता पथनाट्ये होतील, तीही रंगमंचावर नव्हे तर त्याच्या समोरच्या मोकळ्या पटांगणात, कारण ध्वनिक्षेपकाशिवाय, चारही बाजूंनी बसलेल्या प्रेक्षकांच्या मधोमध उभे राहून केवळ आपल्या आवाजावर आणि अंगावर गर्दी धरून ठेवणे हीच पथनाट्याची खरी ताकद आहे. सायंकाळी सहाला मूकाभिनय आणि सातला एकांकिका सुरू होतील. प्रत्येक एकांकिकेला सादरीकरणासाठी तीस मिनिटे आणि नेपथ्य मांडण्या-उचलण्यासाठी वेगळी दहा मिनिटे मिळतील.

गाणाऱ्यांनी नोंदणी करतानाच आपली पट्टी लिहून द्यावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे. काळी एक की पांढरी चार हे संवादिनीवर साथ करणाऱ्याला आधी ठाऊक असले, तर पहिल्या ओळीपासून आवाज मोकळा लागतो. आयत्या वेळी पट्टी शोधावी लागली, तर चांगला गळासुद्धा वरच्या सुरावर अडतो आणि गाणाऱ्याला उगीचच आपण कमी पडलो असे वाटते. ध्वनिमुद्रित साथीवर गाणाऱ्यांनी आणि नृत्याच्या गटांनी आपला ट्रॅक पेनड्राइव्हवर आणून द्यावा आणि त्याची एक प्रत स्वतःच्या मोबाइलमध्येही ठेवावी. इंटरनेटवरून थेट वाजवलेले गाणे ऐन रंगात आले असताना थांबू शकते आणि नाचणाऱ्या आठ जणांचे पाय एकाच वेळी थबकतात. तो क्षण कोणाच्याही वाट्याला येऊ नये असे आम्हांला मनापासून वाटते. कवितेच्या दोन प्रती आणा, एक वाचण्यासाठी आणि एक निवेदकाकडे ठेवण्यासाठी.

नोंदणीला फार वेळ लागत नाही. ओळखपत्र दाखवायचे, कलाप्रकार सांगायचा आणि अर्जावर सही करायची, एवढेच काम आहे. गट असेल तर सर्वांनी येण्याची गरज नाही. गटप्रमुखाने सगळ्यांची नावे आणि वर्ग लिहून आणले की पुरे. शुल्क कोणतेही नाही. कक्ष गुरुवारपर्यंत रोज सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत उघडा राहील. तास बुडवून येऊ नका; मधल्या सुट्टीतही मंडळाचा एक प्रतिनिधी तिथे बसलेला असेल.

शनिवारी, २४ जानेवारीला सकाळी साडेनऊपासून लहान सभागृहात निवड फेरी होईल. तिला परीक्षा समजून घाबरू नका. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील आणि दोन दिवसांच्या वेळेत किती सादरीकरणे बसतील, कोणत्या क्रमाने बसतील हे ठरवण्यासाठी ती आहे. निवडलेल्यांची यादी त्याच सायंकाळी फलकावर लागेल. ज्यांनी आजवर कधीच मंचावर पाऊल ठेवलेले नाही, त्यांच्यासाठी पहिल्या दिवशीचा पाऊण तास आम्ही मुद्दाम राखून ठेवला आहे, कारण वर्षानुवर्षे तेच चार चेहरे पुढे येत राहिले तर तो महोत्सव संपूर्ण महाविद्यालयाचा होत नाही, हे आमचे ठाम मत आहे. या पाऊण तासात स्पर्धा नाही आणि गुणही नाहीत.

रंगीत तालीम बुधवार, २८ आणि गुरुवार, २९ जानेवारीला दुपारी तीनपासून प्रत्यक्ष रंगमंचावर होईल. ध्वनी आणि प्रकाश यांची जुळणी तेव्हाच होणार असल्यामुळे तालमीला न आलेल्या गटाला आयत्या वेळी मंच देता येणार नाही. हा नियम कठोर वाटेल, पण कुठे उभे राहिले म्हणजे चेहऱ्यावर उजेड येतो आणि ध्वनिक्षेपकापासून किती अंतर ठेवायचे हे एकदा तरी तिथे उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मंचावर यायचे नसेल, तरीही आम्हांला तुमची तितकीच गरज आहे. पडदा ओढणारे, प्रकाशाचे संकेत सांभाळणारे, रंगभूषा आणि वेशभूषा करणारे, निवेदन लिहिणारे आणि वाचणारे, विंगेत संहिता हातात धरून विसरलेले वाक्य हळूच पुरवणारे असे किमान तीस जण हवे आहेत. (विंगेत उभे राहून नाटक पाहण्यातला थरार समोरच्या पहिल्या रांगेतही मिळत नाही, हे मी तीन वर्षांच्या अनुभवाने सांगतो.) ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांनी बुधवार, २१ जानेवारीला दुपारी दोन वाजता मंडळाच्या कक्षात होणाऱ्या बैठकीला यावे, त्यांची नोंदणी तिथेच होईल.

प्रेक्षकांसाठी दोन्ही दिवशी दुपारी साडेतीनला प्रवेशद्वार उघडेल. ओळखपत्र जवळ ठेवा. घरच्यांना किंवा बाहेरच्या मित्रांना आणायचे असेल, तर प्रत्येकी दोन जणांची नावे २८ जानेवारीपर्यंत आमच्याकडे द्या, म्हणजे प्रवेशिका तयार ठेवता येतील. रंगमंचाच्या पायऱ्यांवर साधारण सहाशे जण बसू शकतात आणि जागा येईल त्या क्रमाने मिळेल.

हा मजकूर आपल्या वर्गाच्या गटात आजच पाठवा. विशेषतः ज्या मित्राला किंवा मैत्रिणीला गाता येते, पण विचारल्याशिवाय जी व्यक्ती कधीच पुढे येत नाही, तिला सोबत घेऊन कक्षात या. गुरुवारी सायंकाळी पाच वाजता नोंदवही बंद होईल. तोवर आम्ही तुमची वाट पाहत आहोत.

विद्यार्थी सचिव,
सांस्कृतिक मंडळ
सोमवार, १९ जानेवारी २०२६