आपल्या दुकानाची पॉइंट योजना, 1 जूनपासून

नमस्कार मंडळी,

येत्या 1 जूनपासून दुकानात पॉइंट योजना सुरू करतोय. काउंटरवर गर्दीत नीट सांगणं होत नाही आणि अर्धवट सांगितलं की नंतर गैरसमज होतात, म्हणून हे पत्र.

आधी कारण सांगतो. इतकी वर्षं आपल्याकडे सूट कोणाला मिळायची, तर जो मागेल त्याला. मागच्या जूनमध्ये एक काकू नातवाच्या वह्या घ्यायला आल्या होत्या, दरवर्षी येतात, कधी एका शब्दानं भाव केला नाही. त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी जरा घासाघीस केली आणि मी त्यांचे पन्नास कमी केले. काकूंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, रुमालाची गाठ सोडून पूर्ण पैसे मोजून ठेवले आणि गेल्या. ते मला फार लागलं. न मागणाऱ्यालाही तेवढंच मिळायला हवं, म्हणून आता सगळ्यांना एकच हिशोब.

हिशोब असा. दर 50 रुपयांच्या खरेदीला 1 पॉइंट, आणि 1 पॉइंट म्हणजे बिलात 1 रुपया कमी. म्हणजे सरळ 2 टक्के. समजा बिल झालं 760, तर 15 पॉइंट जमा आणि वरचे 10 रुपये वाया जात नाहीत, ते तुमच्या नावावर शिल्लक राहतात, पुढच्या वेळी 90 चं बिल झालं तर ते मिळून 100 धरायचे आणि 2 पॉइंट द्यायचे. 20 पॉइंट झाले की वापरायला मोकळे. एकदम वापरा, थोडे थोडे वापरा, अख्खं बिल त्यात बसत असेल तर तेही चालेल. फक्त जेवढी रक्कम पॉइंटमधून जाईल तेवढ्यावर नवीन पॉइंट मिळत नाहीत, आणि पॉइंटच्या बदल्यात रोख देता येणार नाही.

पाठ्यपुस्तकांवर पॉइंट नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण त्यात आम्हाला सुटतं फारच थोडं. सेलमध्ये लावलेल्या मालावरही नाहीत. बाकी वह्या, पेनं, कंपास, रजिस्टर, फाइली, रंग सगळ्यावर आहेत. आणि पॉइंट द्यायचे म्हणून कुठल्याच वस्तूचा भाव वाढवलेला नाहीये, जुनं बिल घरी असेल तर ताडून बघा आणि फरक दिसला तर मला येऊन विचारा.

पॉइंट जमा झाल्यापासून 12 महिने चालतात. शाळा सुरू होताना मोठी खरेदी आणि मग वर्षभर अधूनमधून एखादं पेन, असं बऱ्याच घरांत असतं, म्हणून 6 महिन्यांची मुदत मी मुद्दामच ठेवली नाही, नाहीतर जूनचे पॉइंट पुढच्या जूनपर्यंत टिकलेच नसते. वापरताना सगळ्यात जुने आधी वजा होतील. प्रत्येक बिलाच्या खाली शिल्लक किती आणि कुठल्या तारखेला किती संपणार ते छापून येईल.

नोंदणीला फक्त मोबाइल नंबर लागतो, फी काही नाही. अख्ख्या घरानं एकच नंबर दिला तर पॉइंट एकत्र साठतात, मुलगा एकटा आला तरी तुमचा नंबर सांगू दे, जमा होतील. पण वापरताना त्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगितल्याशिवाय पॉइंट वजा होणार नाहीत. आणि ओटीपी काउंटरवर समोर उभं राहूनच द्यायचा. फोन करून कोणी दुकानाचं नाव सांगून ओटीपी मागितला तर तो आमचा माणूस नाही हे पक्कं धरा. तुमचा नंबर पॉइंटपुरताच राहील, जाहिरातीचे मेसेज टाकणार नाही, कोणाला देणार नाही. ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा नंबर द्यायचा नाही त्यांच्यासाठी कार्ड ठेवलंय, त्यावर आम्ही शिक्का मारून पॉइंट लिहून देऊ, तेवढं जपून ठेवा.

माल परत केला तर त्यावरचे पॉइंट वजा होतील, आणि त्या बिलात तुम्ही पॉइंट वापरले असतील तर ते परत जमा होतील. 1 जूनच्या आधीच्या बिलांवर मात्र पॉइंट देता येणार नाहीत, सगळ्यांची जुनी बिलं सापडणार नाहीत आणि मग परत कोणाला मिळालं कोणाला नाही असं होईल. पुढे कधी योजना बंद करायची वेळ आलीच तर 3 महिने आधी दारावर पाटी लावीन, तेवढ्यात साठलेले वापरून घ्या, तेव्हा 20 ची अटही राहणार नाही.

नोंदणी आजपासून चालू आहे. दुपारी 2 ते 4 गर्दी कमी असते, तेव्हा आलात तर दोन मिनिटांत होईल. बिलात पॉइंट कमी दिसले तर बिल घेऊन या, काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, तो नवीन आहे, मला हाक मारा, मी स्वतः बघून दुरुस्त करतो.

आपला,
दुकानदार

ता. क. त्या काकूंचा नंबर सगळ्यात आधी नोंदवायचाय. हे पत्र त्यांच्या ओळखीच्या कोणाला मिळालं तर तेवढा निरोप द्या.