पेआउटचा मेसेज, सुधारून

मॅडम, रायडरना पाठवायच्या पेआउटच्या मेसेजच्या ड्राफ्टमधलं 'पेआउट सायकल रिव्हाइज' वगैरे काढलं, रायडरला पैसे कधी येणार ते आधी कळू दे, आणि पैसे काढायला किमान 200 रुपयांची अट अगदी खाली होती ती वर घेतली, ती लपवली असं वाटायला नको. हा पाठवा:

मित्रांनो, 1 तारखेपासून पेआउट फक्त सोमवारी नाही तर सोमवार आणि गुरुवार असा दोनदा येईल. पण पैसे काढायला वॉलेटमध्ये 100 ऐवजी किमान 200 रुपये लागतील. कमी असतील तर ते बुडत नाहीत, वॉलेटमध्येच राहतात आणि 200 झाले की पुढच्या पेआउटला येतात. बँकेला सुट्टी असली तर पैसे दुसऱ्या दिवशी. काम सोडणाऱ्यांना 200 ची अट नाही, 40 रुपये असले तरी पूर्ण मिळतील. अडचण आली तर ॲपमध्ये 'मदत' वर लिहा.